ओटीपी माणसाचा, टोकन यंत्राचा

नागपुरात इतवारीतल्या एका संत्रा बर्फीच्या दुकानाचे इन्स्टाग्राम खाते मागच्या वर्षी मी एका स्वयंचलित पोस्टिंगच्या साधनाला जोडून दिले. सणाच्या धांदलीत कोणाला फोन हातात धरायला फुरसत नसते, म्हणून तान्ह्या पोळ्याची पोस्ट सकाळी सातला आपोआप जावी, एवढीच अपेक्षा होती. दुकानाच्या काकांनी पहिलाच प्रश्न नेमका विचारला : “ओटीपी तर माझ्या फोनवर येते, मग ते मशीन आत कसं शिरणार?”

उत्तर असे की ते आत शिरतच नाही. ओटीपीचे ॲप खात्याला जोडताना आपण क्यूआर कोड स्कॅन करतो, तेव्हा फोन आणि सर्व्हर या दोघांकडे एक समान गुप्त संख्या जाऊन बसते. पुढे दोघेही ती संख्या आणि चालू वेळ यांतून दर 30 सेकंदांना एक सहा अंकी आकडा काढतात. आकडा वेळेवरून निघत असल्यामुळे फोनला नेटवर्क नसले तरी तो बरोबर येतो, आणि फोनचे घड्याळ फार मागेपुढे असेल तर मात्र चुकतो. काही स्वस्त साधने पासवर्ड मागतात आणि वर ही गुप्त संख्याही मागतात. ती दिली की दोन्ही किल्ल्या एकाच खिशात गेल्या, आणि दुसऱ्या टप्प्याला काही अर्थ उरला नाही.

रीतसर साधन पासवर्ड मागत नाही. ते तुम्हाला मेटाच्याच पानावर पाठवते, तिथे तुम्ही स्वतः पासवर्ड आणि ओटीपी टाकता, कोणत्या परवानग्या द्यायच्या ते ठरवता, आणि साधनाच्या हाती फक्त टोकन नावाची एक लांबलचक अक्षरमाळ येते. गोदामाची किल्ली न देता एका खोलीपुरता पास द्यावा, तसा हा प्रकार आहे. पोस्ट टाकण्याची परवानगी असलेल्या टोकनाने पासवर्ड बदलता येत नाही. दीर्घ मुदतीचे टोकन साधारण 60 दिवस चालते, आणि चांगले साधन मुदत संपण्याआधीच त्याचे नूतनीकरण करून घेते.

हा दरवाजा साध्या वैयक्तिक खात्यासाठी मात्र उघडत नाही. त्यासाठी खाते व्यावसायिक, म्हणजे बिझनेस किंवा क्रिएटर प्रकारचे लागते. वैयक्तिक खात्यातला मजकूर वाचू देणारी जुनी सोय मेटाने डिसेंबर 2024 मध्ये बंद केली. खाते व्यावसायिक केले की ते सर्वांना खुले होते, आणि बिझनेस प्रकारात गाण्यांची निवड बरीच आक्रसते. रीलवर चित्रपटगीते लावणाऱ्या दुकानदाराला हे आधीच सांगावे, नाहीतर दोष साधनावर येतो. साधन फेसबुकमार्गे जोडत असेल, तर खात्याला एक फेसबुक पेजही जोडावे लागते. इन्स्टाग्राममार्गे थेट जोडण्याचा रस्ता 2024 पासून निघाला असून त्याला पेज लागत नाही.

आमची गाडी पेजपाशीच अडली. काकांच्या पुतण्याने आपल्या फेसबुक खात्यातून जोडणी केली, साधनात हिरवी खूण आली, जुन्या पोस्टही दिसू लागल्या. सकाळी सातला मात्र पोस्ट गेली नाही. कारण शोधायला दुपार झाली, तोवर लाकडी बैल घेतलेली पोरे घरोघरी फिरून परतलीही होती. पेज मेटाच्या ज्या बिझनेस खात्यात होते (ते इन्स्टाग्रामच्या बिझनेस प्रकाराहून वेगळे), त्याच्या सुरक्षा सेटिंगमध्ये द्विस्तरीय पडताळणी, म्हणजे पासवर्डनंतर ओटीपीसारखा दुसरा टप्पा, ‘सर्वांसाठी’ सक्तीची होती, आणि पुतण्याच्या खात्यावर ती चालूच नव्हती. पेजला अशी सक्ती असेल, तर जोडणाऱ्या व्यक्तीनेही ती पूर्ण केलेली असावी लागते, नाहीतर प्रकाशनाची विनंती नाकारली जाते. इन्स्टाग्रामवरची काकांची ओटीपी इथे कामाची नव्हती, कारण तपासणी पुतण्याच्या फेसबुक खात्याची होती.

अशा वेळी बिघाड कुठे आहे ते एका गोष्टीवरून बरेचसे उमगते. जुन्या पोस्ट वाचता येतात पण नवी टाकता येत नाही, तर टोकन जिवंत आहे, आणि अडचण परवानगीची किंवा पडताळणीची समजावी. वाचणेही बंद पडले, तर टोकनच मेले असण्याचा संभव जास्त. मग साधनाच्या नोंदीत असे काहीसे दिसते :

```
"code": 190, "error_subcode": 460
```

यातला 190 म्हणजे टोकन अमान्य झाले, आणि 460 म्हणजे मधल्या काळात पासवर्ड बदलला गेला. 463 असेल तर मुदत संपली. दोन्ही प्रसंगी माणसाला पुन्हा लॉगिन करून नवे टोकन द्यावे लागते.

पुतण्याने पडताळणी चालू केली, जोडणी तोडून नव्याने केली, आणि संध्याकाळी पाचच्या सुमारास पोस्ट गेली. फोन हरवला तर वापरायचे रिकव्हरी कोड काकांनी उधारीच्या वहीच्या शेवटच्या पानावर उतरवून घेतले आणि वही तिजोरीत ठेवली.