पार्श्वभूमी : लेयर एक, कोकणी दोन

युनिकोड आल्यानंतरही गोव्यातल्या अ‍ॅनिमेटेड माहितीपटांत देवनागरी मजकूर बराच काळ 'कर्व्ह' करूनच टाकला जायचा. आफ्टर इफेक्ट्समध्ये थेट टाइप केले, की पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसायची आणि जोडाक्षरे सुटायची. मग डीटीपीवाला जुन्या फॉण्टमध्ये ओळ बसवून तिचा आकार करून द्यायचा. आकार झाला की अक्षर संपले; मराठीची कोकणी करायची तर ओळ न् ओळ पुन्हा. पुढे सॉफ्टवेअरमध्ये दक्षिण आशियाई टेक्स्ट इंजिन आले आणि मजकूर टेक्स्ट लेयरवरच ठेवता येऊ लागला. शब्द तक्त्यात, एका भाषेला एक स्तंभ; चित्र आणि हालचाल मात्र एकच.

इथेच खरा गुंता सुरू झाला. गोव्यासाठी तक्त्यात स्तंभ किती? 1987 च्या राजभाषा कायद्यात कोकणी म्हणजे देवनागरीतली कोकणी, आणि मराठीच्या वापरालाही मुभा आहे. त्यामुळे काम देणारे बहुधा 'कोकणी, मराठी, इंग्रजी' असे तीन स्तंभ सांगतात. रोमीचा, म्हणजे रोमन लिपीतल्या कोकणीचा, विषय निघाला की उत्तर ठरलेले : भाषा तीच, लिपी बदला, यंत्राने होईल. मला हे कधीच पटले नाही. देवनागरीतले 'घर' यंत्र ghar करील. रोमी वाचणारा ghor लिहितो. शिवाय देवनागरीतली प्रमाण कोकणी अंत्रुजी बोलीकडे झुकते, रोमीतली बार्देशीकडे. नुसते लिप्यंतर केले तर ना धड हे, ना धड ते. रोमीला स्वतंत्र स्तंभ आणि स्वतंत्र अनुवादक हवा. खर्च वाढतो, हे खरेच. आणि वाद प्रामुख्याने तिथेच होतो.

स्तंभ ठरले तरी लेयर आपोआप शहाणा होत नाही. कचरा वेगळा करण्यावरच्या एका माहितीपटात दोन चौकटी शेजारी होत्या, 'ओलो कोयर' आणि 'सुको कोयर'. चौकट मजकुराप्रमाणे वाढावी म्हणून तिचा आकार मजकुराचे माप देणाऱ्या sourceRectAtTime ला जोडला होता. हे माप शाईचे असते, ओळीचे नव्हे. 'सु'चा उकार खाली उतरतो, म्हणून दुसरी चौकट पहिलीपेक्षा उंच झाली. मराठीत 'ओला' नि 'सुका' यांच्याही चौकटी जुळेनात. रोमीत सगळे मोठ्या अक्षरांत होते, त्यामुळे तिथे दोष दिसलाच नाही. शेवटी रुंदी मजकुरावरून घेतली आणि उंची ठरवून दिली :

```
w = thisComp.layer("ओळ").sourceRectAtTime().width;
[w + 80, 120]
```

अक्षरागणिक येणारी हालचालही तेव्हाच काढली. मात्रा एकीकडे, व्यंजन दुसरीकडे असे दिसायचे. टेक्स्ट अ‍ॅनिमेटरमध्ये Based On पुढे Words ठेवल्यावर शब्द अख्खा येऊ लागला.