नेत्रशस्त्रक्रिया निधी-आवाहन

दुर्गम खेड्यांतील गरीब रुग्णांवर, मुख्यतः मोतीबिंदूच्या, मोफत शस्त्रक्रिया करता याव्यात म्हणून धर्मादाय संस्था देणगीदारांसाठी जो मजकूर लिहितात, त्याला नेत्रशस्त्रक्रिया निधी-आवाहन म्हणता येईल. पत्रक, टपालाने येणारे विनंतिपत्र, दिवाळी अंकातील जाहिरात, व्हॉट्सॲपवरचा संदेश ही त्याची रूपे सर्वांच्या परिचयाची आहेत. ‘अमुक रुपयांत एका माणसाला दृष्टी’ हे वाक्य त्यांपैकी बहुतेकांत कोठे ना कोठे येते. देणगीदार मुख्यतः या वाक्यावर विसंबून पैसे देतो, म्हणून प्रस्तुत नोंदीत त्याचाच विचार केला आहे.

या वाक्याचा उगम निश्चित सांगता येत नाही. अंधत्वनिवारणासाठी जाहीर आवाहन करण्याची प्रथा जुनी आहे. हेलन केलर यांनी १९२५ मध्ये अमेरिकेतील ओहायो राज्यात लायन्स क्लबच्या अधिवेशनात केलेले भाषण तिचा प्रसिद्ध नमुना होय. बालपणीच दृष्टी गमावलेल्या जॉन विल्सन यांनी १९५० मध्ये ब्रिटनमध्ये स्थापन केलेली संस्था, म्हणजे आजची साइटसेव्हर्स, हीही याच परंपरेतली. त्यामुळे या वाक्याचे मूळ विसाव्या शतकाच्या मध्यातील ब्रिटिश आवाहनांत शोधता येते. दुसरीकडे, एका डोळ्याची ठराविक किंमत छापणे सोपे झाले ते कृत्रिम भिंग स्वस्त झाल्यावर, असेही म्हणता येते. मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाशी संलग्न ऑरोलॅब या कारखान्यात १९९२ मध्ये भिंगे तयार होऊ लागली आणि आयात भिंगांच्या तुलनेत त्यांची किंमत अगदी थोडी, सुरुवातीला सुमारे १० डॉलर होती. नेपाळमध्ये नेत्रतज्ज्ञ डॉ. संदुक रुइत यांच्या तिलगंगा केंद्रात आणि एरिट्रियात अस्मारा येथे १९९०च्या दशकाच्या मध्यास भिंगनिर्मिती सुरू झाली. या दोन्ही ठिकाणी ऑस्ट्रेलियन नेत्रतज्ज्ञ फ्रेड हॉलोज यांच्या नावाच्या प्रतिष्ठानाचे साहाय्य होते. ‘२५ डॉलरइतक्या कमी खर्चात दृष्टी’ हे त्या प्रतिष्ठानाचे वाक्य पुढे फार गाजले. दुसरे स्पष्टीकरण अधिक ग्राह्य वाटते, कारण त्याआधीच्या शिबिरांत भिंग न बसवता जाड चष्मा देत असत आणि तो चष्मा फुटला वा हरवला की माणूस पुन्हा परावलंबी होई.

खेड्यांतील रुग्णांवर सामान्यतः लहान छेदाची, टाके न घालता होणारी शस्त्रक्रिया करतात. डोळ्याभोवती भुलीचे इंजेक्शन देऊन पांढऱ्या भागात सुमारे ६ मिमी. रुंदीचा तिरका बोगदा करतात, गढुळलेले भिंग अखंड बाहेर काढतात आणि ज्या नैसर्गिक पिशवीत ते होते, त्याच पिशवीत कठीण प्लॅस्टिकचे भिंग बसवतात. बोगदा तिरका असल्याने तो डोळ्याच्या आतल्या दाबानेच मिटतो. ध्वनिलहरींनी भिंग फोडणाऱ्या महागड्या फेको यंत्राची गरज नसल्यामुळे साहित्याचा खर्च कमी येतो. मात्र भिंगाचा नंबर ठरवण्यासाठी बुबुळाची वक्रता आणि डोळ्याची लांबी आधी मोजावी लागते. हे मोजमाप टाळून सर्वांना सरसकट एकच नंबर बसवला, तर शस्त्रक्रिया यशस्वी होऊनही रुग्णाला धूसरच दिसते.

आवाहनातली किंमत कशी बनते, हे उदाहरणादाखल धरलेल्या आकड्यांवरून पाहता येईल. समजा, एका संस्थेने बारा गावांत तपासणी केली. त्यासाठी पथक, वाहन आणि रुग्णांना तालुक्याच्या रुग्णालयात नेणारी बस यांवर ६०,००० रुपये खर्च झाले. भिंग, औषधे, जेवण आणि चष्मा मिळून एका शस्त्रक्रियेला १,५०० रुपये लागतात. बसमध्ये ६० रुग्ण बसले, तर प्रत्येकी १,००० रुपयांची भर पडून किंमत २,५०० होते. त्याच गावांतून ४० जणच आले, तर भर १,५०० रुपयांची होऊन किंमत ३,००० वर जाते. भिंगाचा दर दोन्ही वेळा तोच असतो. म्हणजे खर्च ठरवण्यात रुग्ण घराबाहेर पडतो की नाही, या गोष्टीचा वाटा मोठा असतो. सोयाबीन काढणीला आले आहे, सोबत यायला कोणी नाही, ‘मोतीबिंदू अजून पिकला नाही’, अशा कारणांनी लोक थांबतात. काहींना रक्तातली साखर किंवा रक्तदाब जास्त असल्यामुळे रुग्णालयातून परत पाठवावे लागते. वरील हिशेबात शस्त्रवैद्याचा पगार, सूक्ष्मदर्शक आणि इमारत धरलेली नाही. छापील किंमत फारच कमी असते तेव्हा बहुधा हेच घटक वगळलेले असतात. शिवाय राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रमातून (स्थापना १९७६) स्वयंसेवी संस्थांना प्रत्येक शस्त्रक्रियेमागे अनुदान मिळू शकते. देणगीची रक्कम त्या अनुदानाव्यतिरिक्त कोणत्या खर्चाला जाते, हे सांगणारे आवाहन प्रामाणिक समजावे.

याहून महत्त्वाचा प्रश्न मोजणीचा आहे. शस्त्रक्रियांची संख्या म्हणजे दृष्टी मिळालेल्यांची संख्या नव्हे. एकाच माणसाचे दोन्ही डोळे दोनदा मोजले जातात, तर ज्याचा दुसरा डोळा चांगला आहे तो मुळात अंध नसतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या जुन्या निकषानुसार किमान ८० टक्के डोळ्यांना उपलब्ध चष्म्यानिशी ६/१८, म्हणजे निरोगी डोळ्याला १८ मीटरवरून दिसते ते ६ मीटरवरून, किंवा त्याहून चांगले दिसावे आणि ६/६० पेक्षा कमी दिसणाऱ्यांचे प्रमाण ५ टक्क्यांच्या आत राहावे. म्हणजे वरच्या उदाहरणात ६० पैकी किमान ४८ डोळे या पातळीला यायला हवेत. ते आले की नाही, हे चार ते सहा आठवड्यांनी गावात पुन्हा जाऊन तपासल्याशिवाय कळत नाही. या फेरीसाठी निधी ठेवलेला नसला, तर वार्षिक अहवालात शस्त्रक्रियांचा आकडा असतो, पण नंतरच्या दृष्टीचा नसतो.

खुपरीच्या शस्त्रक्रियेबाबत तर ‘अमुक रुपयांत दृष्टी’ हे वाक्य बऱ्याच अंशी चुकीचे ठरते. या रोगात पापणी आत वळून केस बुबुळाला घासतात. शस्त्रक्रियेने पापणी बाहेर वळवतात आणि पुढची हानी थांबते, पण बुबुळावर आधीच पडलेला डाग तसाच राहतो. काही रुग्णांत पापणी पुन्हा आत वळते. २०१०च्या दशकात पाश्चात्त्य दानविचारात एक तुलना फार फिरली होती. एका अंधाला वाटाड्या कुत्रा देण्याच्या खर्चात खुपरीच्या शस्त्रक्रियेने शेकडो जणांचे अंधत्व बरे होईल, असे तीत म्हटले होते. पुढे तिच्यावर आक्षेप आले आणि ते योग्यच होते. भारतात खुपरी सार्वजनिक आरोग्याची समस्या राहिली नसल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ मध्ये जाहीर केले. त्यामुळे येथील आवाहने आता जवळजवळ सर्वस्वी मोतीबिंदूविषयी असतात.

शिबिरांतील जंतुसंसर्गाचा उल्लेख आवाहनांत क्वचितच येतो. २०१४ मध्ये पंजाबात गुरदासपूर जिल्ह्यातील घुमान येथील एका शिबिरानंतर अनेक वृद्धांची दृष्टी गेली. (हे संत नामदेवांशी निगडित असलेले आणि २०१५ च्या मराठी साहित्य संमेलनाचे गाव.) शाळेत किंवा मंडपात शस्त्रक्रिया करण्याची पद्धत त्याआधीच मागे पडू लागली होती. गावात केवळ तपासणी करावी आणि रुग्णाला सुसज्ज रुग्णालयात न्यावे, हाच मार्ग आता मान्य आहे. शस्त्रक्रियेनंतर पहिल्या काही दिवसांत डोळा दुखू लागला, लाल झाला किंवा दिसणे कमी झाले, तर त्याच दिवशी उपचार लागतात. पट्टी काढून घरी पाठवलेल्या रुग्णाला परत आणणारे वाहन हा म्हणूनच शस्त्रक्रियेच्या खर्चाचा भाग मानला पाहिजे, आणि तो किमतीत धरला आहे का, हे देणगीदाराने विचारावे.

मराठीतील आवाहनांचा वेगळा अभ्यास फारसा झालेला दिसत नाही. लायन्स आणि रोटरी क्लबांच्या स्मरणिका व स्थानिक वृत्तपत्रे ही त्यांची मुख्य ठिकाणे. त्यांत किमतीपेक्षा वाढदिवस किंवा पुण्यतिथीनिमित्त शस्त्रक्रिया पुरस्कृत करण्याच्या विनंतीवर भर असतो. देणगीवर मिळणाऱ्या आयकर सवलतीचा उल्लेखही बहुधा असतो. रोख २,००० रुपयांपेक्षा जास्त दिलेल्या देणगीला ही सवलत लागू होत नाही, ही अट मात्र पुष्कळदा छापायची राहून जाते.