पैसे 'अडकले' की 'परत यायचे' आहेत? तक्रार लिहिण्याआधी एवढं ठरवा

परत केलेल्या वस्तूच्या रिफंडसाठी कंपनीला टॅग करायचं आणि खाली 'रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे रोजचे शंभर रुपये द्या' असं ठोकून द्यायचं. हा नियम खरा आहे, पण तो या भांडणातला नाही. सपोर्टवाल्याला हे माहीत असतं, त्यामुळे तुमची बाकीची रास्त तक्रारही तो हलकी धरतो.

रिझर्व्ह बँकेचं २० सप्टेंबर २०१९ चं परिपत्रक फसलेल्या व्यवहारांसाठी आहे. यूपीआयनं दुकानदाराला पैसे दिले, खात्यातून कापले गेले, पण दुकानदाराकडे पेमेंट झाल्याची खात्रीच पोचली नाही. अशा वेळी व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत पैसे आपोआप परत यायला हवेत. त्यानंतर उशिराच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये. हा झाला रिव्हर्सल, आणि त्याची तक्रार बँकेकडे किंवा यूपीआय ॲपमध्ये करायची.

रिफंडमध्ये पेमेंट नीट झालेलं असतं. नंतर वस्तू परत गेली किंवा ऑर्डर रद्द झाली म्हणून कंपनी नव्यानं पैसे पाठवते. इथे मुदत कंपनीनं स्वतः कबूल केलेली, आणि तीच तिच्यासमोर धरायची.

समजा, होटगी रोडवरून २,४९९ रुपयांचा मिक्सर परत गेला. पोस्ट अशी:

'३ जूनला मिक्सर सोलापुरातून पिकअप झाला. ५ जूनच्या ईमेलमध्ये २,४९९ रुपयांचा रिफंड सात कामाच्या दिवसांत यूपीआय खात्यात येईल असं लिहिलंय. मुदत १६ जूनला संपली. १८ जूनपर्यंतच्या बँक स्टेटमेंटमध्ये जमा नाही. ऑर्डर क्रमांकाचे शेवटचे चार अंक ४४७१. रिफंडचा यूटीआर क्रमांक २० जूनपर्यंत द्या, किंवा रिफंड पाठवला नसल्यास तसं लेखी कळवा.'

यात सगळ्यात महत्त्वाची शेवटची ओळ. 'रिफंड प्रोसेस झालाय' याचा अर्थ पैसे निघाले असा होतोच असं नाही. यूपीआय रिफंडचा बारा अंकी यूटीआर किंवा कार्डाच्या रिफंडचा तेवीस अंकी एआरएन मिळाला, की तो घेऊन तुमच्या बँकेला शोध घेता येतो. क्रमांक नसेल तर बँक तुम्हाला पुन्हा कंपनीकडेच धाडणार. आणि कंपनीला तो देताच येत नसेल, तर बहुधा पैसे अजून तिच्याकडेच आहेत.

'लुटारू', 'फ्रॉड' हे शब्द काढून टाका, सगळं कॅपिटल अक्षरांत लिहिण्याची हौसही. पूर्ण ऑर्डर क्रमांक आणि मोबाइल नंबर उघड्या पोस्टवर टाकू नका. तासाभरात 'कस्टमर केअर' नावाचं बनावट खातं लिंक घेऊन हजर होतं. रिफंड घ्यायला यूपीआय पिन कधीच लागत नाही.

२० तारीख कोरडी गेली, तर हाच मजकूर स्क्रीनशॉटसह राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, म्हणजे १९१५ वर, नोंदवा.