‘कव्हर झालं’ म्हणजे नेमकं काय झालं? रिक्वायरमेंट-टेस्ट जोडणीची पार्श्वभूमी

जळगावातल्या छोट्या सॉफ्टवेअर कंपन्यांतही आता रिलीजच्या आधी एक तक्ता काढतात. डावीकडे रिक्वायरमेंट, उजवीकडे तिला जोडलेल्या टेस्ट केस, आणि ज्या ओळीची उजवी बाजू रिकामी ती लाल. सगळे त्याला ‘आरटीएम’, म्हणजे रिक्वायरमेंट ट्रेसेबिलिटी मॅट्रिक्स, म्हणतात. तक्ता जुना आहे, पण त्यातल्या ‘कव्हर’ या शब्दाचा गुंता अजून सुटलेला नाही. ही टिपण मुख्यतः त्या गुंत्याची आहे.

मूळ इथलं नाही. १९६८ साली युरोपात भरलेल्या सॉफ्टवेअर इंजिनिअरिंगच्या पहिल्या मोठ्या परिषदेतच, बांधलेली वस्तू मूळ मागणीपर्यंत मागे शोधता यावी, हा विचार निघाला होता. पुढे १९८०च्या दशकात अमेरिकी संरक्षण खात्याच्या मानकांनी हा माग कागदोपत्री दाखवणं ठेकेदारांवर सक्तीचं केलं. १९९२ साली विमानातल्या सॉफ्टवेअरसाठी डीओ-१७८बी आलं आणि तिथेच घोळाचं बी पडलं. त्यात दोन वेगळी कव्हरेज आहेत. टेस्ट लिहायच्या त्या रिक्वायरमेंटवरून, आणि कुठली रिक्वायरमेंट तपासायची राहिली ते पाहायचं, हे पहिलं. त्याच टेस्ट चालवताना कोडच्या कुठल्या ओळी चालल्याच नाहीत ते मोजायचं, हे दुसरं. न चाललेली ओळ सापडली की एक तर टेस्ट अपुरी, नाही तर मागणी लिहायची राहिली, किंवा ते कोड तिथे नकोच. दोन्ही मोजमापं एकमेकांची चूक पकडतात. बाहेर मात्र दोघांना मिळून एकच शब्द गेला, आणि आज मीटिंगमध्ये कुणी ‘नव्वद टक्के कव्हरेज’ म्हणालं तर कशाचे, हे विचारावंच लागतं.

आपल्याकडे हा तक्ता आला तो ऑडिटच्या वाटेने. २०००च्या आसपास पुण्या-मुंबईच्या कंपन्यांमध्ये सीएमएम आणि नंतर सीएमएमआय या कामाच्या पद्धतीच्या मानांकनांची चढाओढ होती. सीएमएमआयमध्ये रिक्वायरमेंटचा माग दोन्ही दिशांनी राखण्याची स्पष्ट अपेक्षा आहे: मागणीवरून टेस्टकडे, आणि टेस्टवरून परत मागणीकडे. खान्देशातून डिप्लोमा करून पुण्याला गेलेल्या आमच्या पिढीच्या वाट्याला हेच काम यायचं. मी स्वतः ऑडिटच्या आदल्या आठवड्यात एक्सेल उघडून रिकामे रकाने भरले आहेत. टेस्टचं नाव मागणीसारखं वाटलं की तिचा नंबर चिकटवायचा. ऑडिटर भरलेले रकाने मोजत आणि चहा घेऊन जात. त्या काळाबद्दल मी तटस्थपणे लिहू शकत नाही. माझ्या मते ‘लिंक आहे म्हणजे कव्हर झालं’ ही समजूत तेव्हाच रुजली.

ती किती महागात पडते ते मला जळगावला परतल्यावर, एका जिनिंगच्या कापूस खरेदीच्या सॉफ्टवेअरमध्ये दिसलं. ग्राहकाने सरकारी खरेदीतलीच अट ठेवली होती. आमच्या यादीत ती १४ क्रमांकाला एका ओळीत होती: ओलावा ८ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, ८ ते १२ मध्ये वाढीव टक्क्यांच्या प्रमाणात भावात कपात, १२ च्या वर माल घ्यायचा नाही. या ओळीला एकच टेस्ट जोडलेली होती. तीत ओलावा १० टक्के, भाव क्विंटलला ७,००० रुपये, अपेक्षित उत्तर ६,८६०. ती पास झाली आणि १४ नंबर हिरवा झाला. यादीतल्या ४७ पैकी ४७ ओळी हिरव्या होत्या. कुठलीच ओळ सुटलेली नाही, हे आम्ही याच क्वेरीने पाहिलं होतं:

```sql
SELECT r.id, r.title
FROM requirements r
LEFT JOIN test_links t ON t.req_id = r.id
WHERE t.req_id IS NULL;
```

क्वेरी बरोबर आहे, पण तिला फक्त लिंक नसलेली ओळ दिसते. दिवाळीनंतर खरेदी सुरू झाली. तिसऱ्या दिवशी मुनीम पावत्या चाळताना ओलाव्याच्या रकान्यात १२.४ पाहून थबकले. सॉफ्टवेअरने त्या गाडीलाही ४.४ टक्के कापून ६,६९२ च्या भावाने पावती दिली होती. माल उतरवून ढिगात मिसळूनही झाला होता. ‘हाई काय व्हयनं, भाऊ?’ एवढंच ते फोनवर म्हणाले. कोडमध्ये वरची मर्यादा घातलेलीच नव्हती.

यावर आमच्याकडे जो वाद झाला तोच वाद या क्षेत्रात सगळीकडे चालतो. एका बाजूचं म्हणणं, टेस्ट वाढवा, मागणी आहे तशी राहू द्या. दुसऱ्या बाजूचं, एका ओळीत तीन नियम होते हीच चूक. ती ओळ तोडून १४.१, १४.२, १४.३ करा, म्हणजे रिकामी ओळ आपोआप लाल दिसेल. पहिल्या बाजूचा मुद्दा खरा आहे: ओळी वाढल्या की ग्राहक वाचत नाही, आणि जोडण्या सांभाळायचं काम वाढतं. तरी मी दुसऱ्या बाजूचा आहे. टेस्ट वाढवायची आठवण माणसाला राहावी लागते, तोडलेली ओळ मात्र क्वेरीत स्वतः येते. आम्ही तोडल्यावर ४७ च्या ६१ झाल्या आणि त्याच क्वेरीत ९ ओळी आल्या. त्या आधीही तपासलेल्या नव्हत्याच, फक्त दुसऱ्या ओळींच्या पोटात लपल्या होत्या. ओलाव्यासाठी आता सीमेवरच्या चार किमती आहेत: ८, ८.१, १२ आणि १२.१.

तोडूनही ‘कव्हर’चे दोन अर्थ उरतात. लिंक आहे, पण या बिल्डवर टेस्ट चालवली का? चालवली, पण पास झाली का? तीन टेस्टपैकी दोन पास आणि एक फेल असेल तर ओळ हिरवी की लाल? काही रिपोर्ट एक पास झाली तरी हिरवं दाखवतात. आमचा ठराव असा, की जोडलेली प्रत्येक टेस्ट याच बिल्डवर पास झाली तरच हिरवं. जिची टेस्ट चालवलीच नाही ती ओळ लाल धरतो, पिवळी नव्हे, कारण पिवळ्याकडे कुणी बघत नाही.

शेवटचा फसवा प्रकार जुन्या लिंकचा. मागणीचा मजकूर बदलतो आणि टेस्ट जुन्याच नियमाची राहते. लिंक आहे, टेस्टही पास होते, पण ती आता भलतंच तपासत असते. मोठ्या रिक्वायरमेंट टूल्समध्ये यासाठी ‘सस्पेक्ट’ खूण असते. मजकूर बदलला की त्याच्या सगळ्या लिंक संशयित होतात आणि कुणीतरी पाहून ती खूण काढेपर्यंत तशाच राहतात. आमच्याकडे टूल नाही. रिक्वायरमेंटची बदलाची तारीख टेस्टच्या तारखेपुढे गेली की ओळ पुन्हा लाल करतो. यात शुद्धलेखन सुधारलं तरी ओळ लाल होते, आणि पोरं वैतागतात.

सगळ्या ओळी हिरव्या होईपर्यंत रिलीज थांबवायचा का, यावर अजून एकमत नाही. सध्या लाल ओळ घेऊन रिलीज करता येतो, पण तिच्यापुढे कारण आणि मंजुरी देणाऱ्याची सही लागते. मागच्या हंगामात अशा दोन ओळी गेल्या. दोन्ही काट्याच्या मशीनकडून आपोआप वजन घेण्याच्या होत्या, आणि मशीनच आलेलं नव्हतं. १४.३ सहीने सोडायचं नाही, एवढं मुनीमांनी स्वतः लिहून घेतलं आहे.