फॉन्टचा आकडा आणि अक्षराची उंची

गेल्या चतुर्थीच्या पंधरा दिवस आधी फोंड्याचा एक दुकानदार माझ्याकडे दोन पोस्टर घेऊन आला. दोन्ही ए-३ आकाराची, दोन्हींवर मथळा एकच: माटोळीचे सामान, म्हणजे गोव्यात गणपतीच्या वर फळे-पाने बांधून टांगतात त्या चौकटीचे. एक आदल्या वर्षीचे, मी केलेले. दुसरे त्याच्या भाच्याने घरच्या लॅपटॉपवर केलेले. "ताई, आकडा तोच ठेवलाय, एकशेवीस. मग हे रस्त्यापलीकडून का वाचता येत नाही?" असे विचारून त्याने दोन्ही कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. नव्या पोस्टरवरची अक्षरे खरोखरच लहान होती. पट्टी लावली तर जुन्यातला 'म' जवळजवळ २८ मिलिमीटर भरला, नव्यातला २० च्या आसपास.

आकडा एक आणि उंची दोन, असे होते कारण आपण दोन वेगळ्या गोष्टींना एकच नाव देतो. दोघींनाही आपण 'साइझ' म्हणतो.

यादीतून आपण ४८ किंवा १२० निवडतो, तो पॉइंटचा आकडा. एक इंच म्हणजे ७२ पॉइंट, म्हणून १०० पॉइंट म्हणजे साधारण ३५ मिलिमीटर. पण ही ३५ मिलिमीटर अक्षराची उंची नव्हे. शिशाचे खिळे जुळवून छापत होते तेव्हा हे माप खिळ्याच्या ठोकळ्याचे असे आणि अक्षर त्या ठोकळ्याच्या माथ्यावर ओतलेले असे. आज ठोकळा दिसत नाही, पण हिशेब त्याचाच चालतो. आत अक्षर किती मोठे बसवायचे, हे फॉन्ट करणारा ठरवतो. देवनागरीत शिरोरेघेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार आणि अनुस्वार यांना जागा लागते, खाली उकार आणि पाय मोडायला लागते. कोणी ही जागा सढळ हाताने सोडतो आणि अक्षर लहान ठेवतो, तर कोणी अक्षर मोठे करून मात्रा बाहेर जाऊ देतो. विंडोजमध्ये Mangal आणि Kokila एकाच आकड्यात शेजारी टाकून पाहा. Kokila इतका बारीक दिसतो की आकडा चुकला की काय, असे वाटते.

वाचणाऱ्याच्या डोळ्यापर्यंत पोचते ती दुसरी गोष्ट, म्हणजे शिरोरेघेच्या वरच्या कडेपासून अक्षराच्या पायापर्यंतची उंची. ती पट्टीने मोजता येते आणि पोस्टरचा निर्णय तिच्यावरच घ्यावा. मोजायला 'म' किंवा 'प' बरा. 'ळ' आणि 'द' फसवतात, कारण त्यांचा तळ सरळ नसतो.

त्या भाच्याच्या हातून नेमके काय झाले तेही सांगते, कारण हा प्रकार दर हंगामात घडतो. त्याने माझी जुनी फाइल उघडली. तिच्यातला फॉन्ट त्याच्या लॅपटॉपवर नव्हता, म्हणून प्रोग्रॅमने स्वतःहून दुसरा लावला. मध्ये एक सूचना येऊन गेली असणार, त्याने 'ओके' दाबले. आकडा १२० चा १२० राहिला आणि अक्षर आक्रसले. म्हणून आता मी फाइल देताना फॉन्ट आत बसवलेली पीडीएफच देते, किंवा अक्षरांचे कर्व्ह करून, म्हणजे त्यांच्या नुसत्या आकृत्या करून देते. कर्व्ह केल्यावर मजकूर बदलता येत नाही, तेव्हा मूळ फाइल वेगळी जपून ठेवावी.

आता उंची किती हवी, हे ठरवू. डोळे तपासणीच्या तक्त्यावर ६ मीटरवरून चांगल्या नजरेने जेमतेम वाचता येणारी ओळ सुमारे पावणेनऊ मिलिमीटर उंचीची असते. ती नजरेची हद्द झाली, तिथे थांबून नेट लावून वाचावे लागते. बाजारात कोणी नेट लावत नाही, आणि तक्त्यावरच्या सुट्या इंग्रजी अक्षरांपेक्षा आपली जोडाक्षरे अधिक गुंतागुंतीची असतात. म्हणून मी साधारण साडेतीनपट उंची धरते आणि हिशेब सोपा ठेवते: जितके मीटर अंतर, त्याला पाचने गुणायचे, तितके मिलिमीटर अक्षर. ६ मीटरला ३० मिलिमीटर. हा आडाखा उभ्या माणसासाठी आणि दिवसाच्या उजेडासाठी आहे. स्कूटरवरून जाणाऱ्याला तो पुरत नाही. चतुर्थी पावसात येते, आभाळ भरलेले असते आणि प्लास्टिकच्या पाकिटात घातलेले पोस्टर चकाकते, तेव्हा आणखी थोडे वाढवलेले बरे.

या दुकानासमोरचा रस्ता पलीकडच्या बाजूपर्यंत ६ मीटर. जुन्या पोस्टरची अक्षरे २८ ची, म्हणजे साडेपाच मीटरपर्यंत ठीक. नव्याची २० ची, म्हणजे चारच मीटर. रस्त्याच्या मध्यावर उभे राहून कोणी जाहिरात वाचत नाही.

पॉइंट काढायची रीत सोपी आहे. हव्या त्या फॉन्टमध्ये 'म' १०० पॉइंटला छापायचा आणि पट्टीने मोजायचा. माझ्या नेहमीच्या फॉन्टमध्ये तो २३ मिलिमीटर येतो, भाच्याच्या फॉन्टमध्ये १७ आला. ३० मिलिमीटर हवेत तर पहिल्यात ३० भागिले २३ गुणिले १००, म्हणजे १३० पॉइंट. दुसऱ्यात १७६. एवढे एकदा मोजून मी फॉन्टच्या नावासमोर वहीत लिहून ठेवते, म्हणजे पुन्हा मोजावे लागत नाही.

३० मिलिमीटरचे अक्षर घेतल्यावर 'माटोळीचे सामान' ए-३ च्या रुंदीत मावेना. कागद २९७ मिलिमीटर, कडेचे समास सोडून २६७ उरतात, आणि मथळा २८० च्या पुढे जात होता. अशा वेळी अक्षरे आडवी दाबून बसवायचा मोह होतो. तसे करू नये: उभे दांडे बारीक होतात, आडवी शिरोरेघ जाडच राहते आणि शब्द रेघांच्या जाळीसारखा दिसतो. आम्ही मथळा दोन ओळींत तोडला, वर 'माटोळीचे', खाली 'सामान'.

दोन ओळी झाल्या की आकडा आणि दिसणे यांतली हीच गफलत पुन्हा समोर येते, या वेळी ओळींच्या अंतरात. प्रोग्रॅममधला ओळींचा आकडा म्हणजे एका ओळीच्या पायापासून दुसरीच्या पायापर्यंतचे अंतर. डोळ्याला दिसते ती मधली मोकळी जागा, आणि ती मजकुरात काय आहे यावर ठरते. 'माटोळीचे' या शब्दाखाली उकार नाही आणि 'सामान' वर मात्रा नाही. १३० पॉइंटला नेहमीचे १२० टक्के अंतर ठेवले तर पायापासून पायापर्यंत ५५ मिलिमीटर होतात. त्यातून ३० चे अक्षर वजा जाता २५ मिलिमीटर कोरी पट्टी उरते. दोन शब्द जणू दोन वेगवेगळ्या जाहिरातींतले वाटू लागले. मी अंतर ४५ वर, म्हणजे जवळजवळ १०० टक्क्यांवर आणले, मोकळी जागा १५ झाली आणि मथळा एक झाला.

खालच्या बारीक ओळींना मात्र हाच आकडा लावला असता तर घोळ झाला असता. तिथे एकाखाली एक 'पूजेचे साहित्य' आणि 'गौरीचे दागिने' होते. या ओळी गल्ल्याजवळ, दोनेक मीटरवरून वाचायच्या, म्हणून अक्षर १० मिलिमीटर, म्हणजे ४४ पॉइंट. 'पू' चा दीर्घ उकार नेमका 'गौ' च्या दोन मात्रांवर येतो. उकार खाली ४ मिलिमीटर उतरतो, मात्रा तितक्याच वर चढतात, दोन्ही मिळून ८. अंतर १०० टक्के ठेवले तर मधली जागा साडेपाच मिलिमीटर, म्हणजे उकार मात्रांत घुसणार. १२० टक्क्यांना साडेआठ, म्हणजे दोघे एकमेकांना जवळपास टेकणार आणि लांबून एक काळा ठिपका दिसणार. १४० टक्क्यांना १२ मिलिमीटर होतात, उकार आणि मात्रा यांच्यामध्ये ४ मिलिमीटर पांढरे राहते. तेच ठेवले. इंग्रजी मजकुराच्या सवयीने बसवलेले १२० टक्के मराठीच्या परिच्छेदाला सहसा कमी पडतात. मथळ्याला ते पुष्कळदा जास्त होतात, कारण तिथे शब्दच थोडे असतात.

भाच्याने अक्षर लहान दिसते म्हणून ते सगळ्यात जाड केले होते. जाडीने शाई वाढते, उंची वाढत नाही. उलट आतली पोकळी भरते आणि आपली काही अक्षरे नेमकी त्या पोकळीवरच ओळखू येतात. 'घ' आणि 'ध', 'भ' आणि 'म' यांच्यातला फरक शिरोरेघेत सोडलेल्या छोट्याशा फटीवर चालतो. त्याच्या पोस्टरवर 'घरपोच' लिहिले होते आणि चार पावलांवरून मी 'धरपोच' वाचले. शेजारच्या ओळीत 'खाजे' होते, त्याचे 'रवाजे' झाले होते. बारीक ओळींना मी मध्यम जाडी वापरते. एकच फॉन्ट निवडायचा असेल तर मुंबईच्या 'एक टाइप'चा Mukta घ्यावा, तो फुकट मिळतो आणि त्यात सात जाड्या आहेत, त्यामुळे मथळा आणि यादी एकाच घराण्यातली राहते.

फोन नंबर आम्ही इंग्रजी आकड्यांत ठेवला. मराठी १ आणि ९ लांबून एकमेकांसारखे दिसतात, आणि चुकीचा लागलेला फोन म्हणजे गेलेले गिऱ्हाईक.

छपाईला देण्याआधी एक काम उरले. पडद्यावर पोस्टर मोठे-लहान करता येते, त्यामुळे तिथे काहीही ठीकच वाटते. 'माटोळीचे' हा एकटा शब्द खऱ्या मापात दीडशेच्या थोडा वर मिलिमीटर रुंद होता, म्हणजे साध्या ए-४ कागदावर मावत होता. तो आणि खालच्या दोन ओळी घरच्या प्रिंटरवर काढल्या. प्रिंट करताना 'कागदावर बसवा' हा पर्याय बंद ठेवायचा, नाहीतर प्रिंटर माप बदलतो. दुकानदाराने कागद शटरला चिकटवले आणि मी रस्ता ओलांडून पलीकडे उभी राहिले. मथळा वाचता आला. मग त्याच्या साठीच्या आईला तिथे उभे केले आणि कागदावर काय आहे ते न सांगता विचारले. त्यांनी 'माटोळीचे' लगेच वाचले. गल्ल्याजवळ येऊन 'गौरीचे दागिने' ही ओळही वाचली, आणि म्हणाल्या, "कवंडळाचं नाव कुठे घातलं नाही ते? लोक तेच विचारत येतात." माटोळीला बांधायच्या त्या फळाची ओळ यादीत वाढवली आणि फाइल छपाईला पाठवली.