उभट अक्षर, पसरट अक्षर: सातारा-सांगलीच्या पाट्यांमागची गोष्ट

सातारा किंवा सांगलीच्या स्टँडवर उभं राहून समोरून येणाऱ्या गाड्यांच्या पाट्या वाचल्या, की एक गोष्ट लगेच दिसते. 'विटा', 'वाई', 'जत' ही नावं लांबूनच कळतात. 'कवठेमहांकाळ' किंवा 'महाबळेश्वर' मात्र गाडी अगदी जवळ येईपर्यंत नुसती काळी पट्टी वाटते. नाव लांब असणं हे याचं एकच कारण नाही. ते नाव पाटीत बसवायला अक्षरं किती आणि कशी चेपली, त्यावर बरंच अवलंबून असतं.

अरुंद अक्षरांची चाल मुळात पोस्टरमधून आली. 1827-28 च्या सुमारास अमेरिकेत लाकडी टाईप यंत्रावर कापायला सुरुवात झाली आणि 1834 मध्ये त्या यंत्राला पँटोग्राफ जोडला गेला. एकाच नमुन्यावरून लहानमोठी, अरुंद-रुंद अक्षरं काढणं त्यामुळे सोपं झालं. कागदाची रुंदी ठरलेली आणि मजकूर मात्र ओरडायला हवा, म्हणून अक्षर उंच आणि बारीक झालं. रोमन लिपीला ते परवडलं, कारण तिथे काम थोडक्या खिळ्यांत, म्हणजे छपाईच्या सुट्या अक्षरांत भागतं.

देवनागरीत तसं नव्हतं. जोडाक्षरं, मात्रा, उकार धरले तर एका आकाराच्या संचालाच काहीशे खिळे लागत. तीच अक्षरं अरुंद रुंदीत हवी असतील तर तो सगळा संच पुन्हा ओतायचा. छापखान्यांनी ते फारसं केलं नाही. मथळा उभट हवा असेल तर चित्रकाराकडून लिहून घ्यायचा आणि त्याचा ब्लॉक करायचा, हीच रीत होती. त्यामुळे मराठी उभट अक्षर खिळ्यांपेक्षा कुंचल्यात जास्त वाढलं. नाटकाच्या जाहिराती, तमाशाचे फलक, कुस्तीच्या मैदानाची भित्तिपत्रकं ही त्याची शाळा.

राज्यात एसटीची पहिली गाडी 1 जून 1948 ला पुणे-अहमदनगर मार्गावर धावली. गाडी आली तशी पत्र्याची पाटीही आली, आणि ती रंगवायला पेंटर. पेंटर पाटीवर आधी खडूनं शिरोरेषा मारतो, मग नावातली अक्षरं मोजून जागा वाटतो. 'र', 'व', काना यांना कमी आणि 'क', 'ळ', 'ज' यांना जास्त. जागा अपुरी पडली तर तो सगळं सारखं दाबत नाही. 'क'ची दोन्ही पोटं गोल न ठेवता उभट करतो, दोन अक्षरांमधली फट कमी करतो, रेघ थोडी बारीक घेतो. शिरोरेषाही त्याच कुंचल्याची, म्हणून तीही त्याच प्रमाणात बारीक होते. याला कोणी शास्त्र म्हटलं नाही, पण अरुंद अक्षर घडवण्याची बरोबर रीत हीच आहे.

खरी गडबड झाली ती संगणक आणि फ्लेक्स आल्यावर. 2000 नंतरच्या काही वर्षांत फ्लेक्सचं यंत्र जिल्ह्याच्या आणि तालुक्याच्या गावांत पोचलं. दुकानातला मुलगा एका फाँटमध्ये नाव टाईप करतो, पडद्यावर त्या नावाच्या चौकटीच्या कडेची चौकोनी मूठ धरतो आणि आत ढकलतो. मजकूर बसतो, गिऱ्हाईक खूश होतं. यावर दोन मतं आहेत आणि दोन्ही बाजूंना अनुभवी माणसं आहेत. एक बाजू म्हणते, लोक पाटी वाचतातच, अक्षराची उंची टिकली ना, मग बिघडलं काय? दुसरी म्हणते, चेपलेलं अक्षर आणि मुळातच अरुंद काढलेलं अक्षर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मला दुसरी बाजू पटते. का, ते एका पाटीवर मोजून पाहता येतं.

समजा पाटी 90 सेंटीमीटर लांब आणि 20 सेंटीमीटर उंच आहे. वरखाली एकेक सेंटीमीटर सोडलं की 18 उरतात. त्यातले साधारण चार मात्रा-अनुस्वाराला, तीन खालच्या उकाराला. म्हणजे शिरोरेषेपासून तळापर्यंत अक्षराला 11 सेंटीमीटर. रोमनमध्ये मोठ्या अक्षरांना हीच पाटी जवळजवळ पूर्ण वापरता येते, आपल्याला ती तीन मजल्यांत वाटावी लागते. आता लिहायचं आहे 'मिरज-कवठेमहांकाळ-जत'. ठळक, साध्या रुंदीच्या अक्षरात या ओळीची लांबी अक्षराच्या उंचीच्या सुमारे साडेबारा पट होते, म्हणजे जवळपास 138 सेंटीमीटर. कडा सोडून जागा आहे 84. संगणकावर ओळ साठ टक्क्यांवर ढकलली की बसते.

पण काय झालं? कान्याची जाडी दोन सेंटीमीटर होती, ती 1.2 झाली. शिरोरेषा मात्र होती तशी दोनच राहिली, कारण आपण फक्त आडवं दाबलं. आडव्या रेघा जाड, उभ्या बारीक. लांबून पाहणाऱ्याला आधी दिसते ती वरची जाड पट्टी, आणि अक्षरं तिला लटकलेली वाटतात. त्याहून वाईट म्हणजे पोटातली जागा. 'क'च्या डाव्या पोटात दीड सेंटीमीटर मोकळं होतं, ते आता जेमतेम नऊ मिलिमीटर उरलं. निरोगी डोळा साधारण एका कला-कोनाएवढी, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाएवढी फट ओळखतो आणि 30 मीटरवर त्या कोनात बसणारी फट बरोबर नऊ मिलिमीटरच्या आसपास असते. म्हणजे 30 मीटरवर ही पाटी काठावर आहे. संध्याकाळ, काचेवरची धूळ, साठीचा डोळा, यांपैकी काहीही आडवं आलं की 'क' भरून जातो.

बरं, प्रवासी गाडीच्या नाकासमोर उभा नसतो. तो फलाटावर कडेला असतो. पंचेचाळीस अंशांतून पाहिलं की कुठलीही रुंदी सुमारे सत्तर टक्केच दिसते. नऊ मिलिमीटरची फट सहा-साडेसहाची होते आणि तीच पाटी वीस-बावीस मीटरपलीकडे वाचता येत नाही. न चेपलेल्या अक्षरातली दीड सेंटीमीटरची फट त्याच कोनातून पस्तीस मीटरपर्यंत टिकली असती. उंची टिकली या युक्तिवादातली खोट इथे आहे. अक्षर सरसकट लहान करून साठ टक्क्यांवर आणलं असतं तरी पोटातली फट नऊ मिलिमीटरच राहिली असती. चेपून उंची मिळाली, वाचण्याचं अंतर मात्र फारसं मिळालं नाही.

अरुंद म्हणूनच काढलेल्या अक्षरात ही 84 सेंटीमीटरची जागा वेगळी वाटली जाते. रेघ सुमारे एक सेंटीमीटर, शिरोरेषा तिच्याहून थोडीच जाड, आणि वाचलेली जागा पोटांना. 'क'ची फट 1.2 सेंटीमीटरपर्यंत जाते. दिसायला फरक लहान आहे, पण दहा मीटर जास्त अंतरावरून नाव कळतं. पेंटर कुंचल्यानं करत होता ते हेच.

काही अक्षरांना हा मार त्याहून आधी बसतो. 'ध' आणि 'घ', 'भ' आणि 'म' यांच्यातला फरक शिरोरेषेतल्या एका खाचेवर बराचसा उभा आहे. खाच चेपून बुजली की धामणी घामणी होते आणि भिलवडी मिलवडी. गावचा माणूस अंदाजानं वाचेल. पाहुणा किंवा नव्यानं बदली होऊन आलेला कर्मचारी चुकेल. पाटी ज्याच्यासाठी लावली तो नेमका हाच.

मग काही जण विचारतात, पाटीवर दोन्ही टोकं लिहायचीच कशाला? एकच पाटी जाता-येता चालावी म्हणून दोन्ही टोकं लिहितात, त्यात डेपोची सोय आहे. पण नुसतं 'कवठेमहांकाळ' त्याच पाटीवर पूर्ण रुंदीत 79 सेंटीमीटरमध्ये बसतं, एक अक्षरही न चेपता. मजकूर कापणं हा रुंदीच्या प्रश्नावरचा सर्वांत स्वस्त उपाय आहे आणि तोच शेवटी आठवतो.

बाहेरच्या देशांत हाच वाद रस्त्यावर झाला. अमेरिकेत महामार्गांच्या पाट्यांसाठी ए ते एफ अशी चढत्या रुंदीची अक्षरं ठरवली होती. त्यातली सर्वांत अरुंद ए मालिका वेगात वाचता येईना, म्हणून पुढे बाद झाली. जर्मनीत अरुंद अक्षर ठेवलं, पण साधं अक्षर बसत नसेल तेव्हापुरतं.

याचा अर्थ उभट अक्षर वाईट असा नाही. विजेच्या खांबावर लावतात त्या दोन फूट रुंद, सहा फूट उंच बॅनरवर ते हवंच. तिथे रुंदी कमी आणि उंची मुबलक असते. 'अभिनंदन' हा शब्द साध्या अक्षरात दोन फुटांत बसवला तर तो चार-पाच इंचांचा होतो आणि बाकी बॅनर रिकामा राहतो. उभट अक्षर घेतलं की तीच ओळ दीडपट उंच होते. पाहणारा खाली, रस्त्याच्या कडेला, पाच-दहा मीटरवर असतो. तो मान वर करून पाहतो तेव्हा उंची थोडी आखडते आणि उभट अक्षर प्रमाणात दिसतं. फक्त रोमनसारखं एकाखाली एक अक्षर रचायला जाऊ नये. शिरोरेषा तुटते, वेलांटी अक्षरापासून सुटते आणि शब्द शब्द राहत नाही. शाळेजवळ डांबरावर रंगवलेला 'हळू' हेही उभट अक्षरच आहे. चालकाला रस्ता इतका तिरका दिसतो की लांबवलेलं अक्षर त्याला नीट उंचीचं वाटतं.

पसरट अक्षराची जागा दुकानाच्या शटरवर. दहा फूट लांब, दीड-दोन फूट उंच पट्टीवर हळद-बेदाण्याच्या पेढीचं तीन-चार अक्षरी नाव ताणून लिहिलं तर समोरच्या फुटपाथवरून तिरकं पाहणाऱ्यालाही ते पुरेसं रुंद दिसतं. पण तिथेही मूठ धरून ओढलं की उभ्या रेघा खांबासारख्या होतात, शिरोरेषा दोऱ्यासारखी, आणि 'ख' फाकून 'रव' होतो.

आता तयार अरुंद अक्षरं मिळतात. 'खंड' आणि 'प्रगती नॅरो' हे मोफत देवनागरी फाँट मुळातच अरुंद काढले आहेत. 2016 मध्ये व्हेरिएबल फाँटचं, म्हणजे एकाच फाँटमध्ये जाडी-रुंदी हवी तशी बदलण्याचं तंत्र आलं. त्यात रुंदीचा स्वतंत्र अक्ष ठेवता येतो आणि सॉफ्टवेअरमध्ये तो `wdth` नावानं दिसतो. 'अनेक' या फाँटमध्ये तो 75 ते 125 असा आहे, 'नोटो सान्स देवनागरी'त 62.5 ते 100. आकडा बदलला की रेघांची जाडीही सांभाळली जाते. 'अनेक'मध्ये 75 वर थांबवलं आहे, आणि 75 वरही ओळ बसत नसेल तर उपाय मजकुरात शोधायचा. सोय असूनही फ्लेक्सच्या दुकानांत अजून मूठच धरली जाते, कारण जुने फाँट युनिकोड नाहीत आणि वर्षानुवर्षांच्या फाइली त्यातच आहेत.

नव्या गाड्यांवरच्या एलईडी पाट्यांनी प्रश्न पुन्हा मुळावर आणला आहे. उभ्या सोळा ठिपक्यांच्या पट्टीत मात्रेला चार, शिरोरेषेला एक, उकाराला तीन दिले की अक्षराला आठ ठिपके उरतात. 'क' अरुंद केला की त्याच्या पोटात एकच विझलेला ठिपका राहतो आणि शेजारचा उजेड तोही भरून काढतो. म्हणून लांब नाव सरकतं ठेवतात, आणि गाडी फलाटासमोरून जाताना प्रवाशाला दिसतं ते 'महांकाळ' किंवा 'बळेश्वर', नावाचा जो तुकडा त्या क्षणी पट्टीवर असेल तो.