समूहाची विक्री एकट्या कंपनीपेक्षा कमी कशी? स्टँडअलोन आणि एकत्रित वित्तीय पत्रकांतील फरक

ज्या कंपनीला उपकंपन्या असतात, तिच्या वार्षिक अहवालात वित्तीय पत्रकांचे सहसा दोन संच असतात. एक स्टँडअलोन, म्हणजे एकट्या पालक कंपनीचा, आणि दुसरा कन्सॉलिडेटेड, म्हणजे पालक कंपनी व तिच्या सर्व उपकंपन्या मिळून होणाऱ्या समूहाचा एकत्रित. दुसरा संच म्हणजे पहिल्यात उपकंपन्यांचे आकडे मिळवून केलेली बेरीज, अशी अनेकांची समजूत असते. मग एखाद्या अहवालात पालक कंपनीची विक्री ७०० कोटी आणि समूहाची विक्री ६४० कोटी दिसली की वाचक गोंधळतो. भागापेक्षा संपूर्ण लहान कसे असेल, छपाईची चूक तर नाही ना, असे त्याला वाटते. चूक नसते. हे ६० कोटी कुठे गेले याचा माग काढला, तर दोन्ही संचांतला फरक बहुतेक सगळा उलगडतो.

त्यासाठी एक काल्पनिक उदाहरण घेऊ, आणि कराचा भाग सोयीसाठी बाजूला ठेवू. पालक कंपनी पंप बनवते. वर्षाच्या सुरुवातीला तिने पंपांचे वितरण करणाऱ्या एका कंपनीचे ६० टक्के शेअर ९० कोटींना विकत घेतले. उरलेले ४० टक्के बाहेरच्या भागधारकांकडेच राहिले. खरेदीच्या दिवशी या उपकंपनीची मालमत्ता वजा देणी, म्हणजे निव्वळ मालमत्ता, १०० कोटींची होती. तिच्यावर बँकेचे १८० कोटींचे कर्ज होते, आणि पालक कंपनीवर स्वतःचे १०० कोटींचे.

स्टँडअलोन ताळेबंदात या सगळ्या खरेदीची नोंद एका ओळीत होते: उपकंपनीतील गुंतवणूक, ९० कोटी. उपकंपनीची गोदामे, तिचा साठा, तिचे १८० कोटींचे कर्ज यांतले काहीही तिथे दिसत नाही, आणि तसे न दिसणे नियमाला धरूनच आहे. कायद्याच्या दृष्टीने पालक कंपनी ही एक स्वतंत्र व्यक्ती आहे. तिच्या मालकीचे शेअर आहेत, गोदामे नाहीत, आणि उपकंपनीचे कर्जही तिने काढलेले नाही. शिवाय ही गुंतवणूक खरेदीच्या किमतीला दाखवलेली असेल, तर उपकंपनीने पुढे नफा कमावला काय किंवा तोटा केला काय, ९० चा आकडा सहसा तसाच राहतो. तो बदलतो ते गुंतवणुकीचे मूल्य घसरल्याचे व्यवस्थापनाने मान्य करून ती कमी करून दाखवली तरच, आणि हे मान्य करण्याची घाई कोणी फारशी करत नाही.

एकत्रित ताळेबंदात ही ९० कोटींची ओळ पुसली जाते आणि तिच्या जागी उपकंपनीची मालमत्ता व देणी ओळीओळीने येतात. इथे एक गोष्ट नवख्या वाचकाला हमखास चकवते. हिस्सा ६० टक्के असला तरी मालमत्ता, कर्ज, विक्री, खर्च हे सगळे १०० टक्के धरले जाते, कारण एकत्रीकरणाचा आधार मालकीची टक्केवारी नसून नियंत्रण हा आहे. बाहेरच्या भागधारकांचा वाटा, म्हणजे १०० च्या ४० टक्क्यांप्रमाणे ४० कोटी, समूहाच्या भागभांडवलाखाली वेगळ्या ओळीत दाखवतात. आणि ६० कोटींच्या वाट्यासाठी ९० मोजले म्हणून वरचे ३० कोटी ख्याती, म्हणजे गुडविल, या नावाने मालमत्तेत बसतात. कर्जाची ओळ मात्र सरळ १०० वरून २८० वर जाते.

आता वर्षभराचा व्यवहार पाहू. पालक कंपनीने बाहेरच्या ग्राहकांना ५०० कोटींचे पंप विकले आणि उपकंपनीला २०० कोटींचे. उपकंपनीला दिलेल्या पंपांचा उत्पादनखर्च १५० कोटी होता, म्हणजे त्या विक्रीवर ५० कोटींचा नफा धरला गेला. पालक कंपनीची एकूण विक्री ७००, सर्व खर्च ६४० आणि नफा ६० कोटी झाला. स्टँडअलोन पत्रक एवढेच सांगते, आणि ऐकायला ते फारच छान वाटते.

उपकंपनीकडे त्या वर्षी वेगळेच घडत होते. आलेल्या २०० कोटींच्या पंपांपैकी १२० कोटींचे पंप तिने बाहेर १४० कोटींना विकले. ८० कोटींचे पंप वर्षअखेरीस गोदामातच पडून होते. व्याज धरून तिचा इतर खर्च ३५ कोटी झाला, म्हणजे १४० मधून १२० आणि ३५ वजा जाता १५ कोटींचा तोटा. पालक कंपनीला द्यायच्या २०० कोटींपैकी तिने फक्त ५० कोटी चुकते केले आणि १५० कोटी बाकी ठेवले.

समूहाला एकच घटक मानले की पालक कंपनीने उपकंपनीला केलेली विक्री ही विक्रीच राहत नाही, तर एका गोदामातून दुसऱ्या गोदामात माल हलवणे ठरते. म्हणून ७०० आणि १४० मिळून होणाऱ्या ८४० कोटींतून हे २०० कोटी वगळतात आणि उरतात ६४०. उपकंपनीने बाहेर विकलेले १४० मिळाले आणि अंतर्गत २०० गेले, म्हणून स्टँडअलोनपेक्षा ६० कोटी कमी. सुरुवातीच्या कोड्याचे उत्तर एवढेच आहे.

नफ्याचा हिशोब याहून बोलका आहे. गोदामात पडलेल्या ८० कोटींच्या पंपांचा मूळ खर्च ६० कोटी, म्हणजे त्यांत २० कोटींचा नफा दडलेला आहे. पालक कंपनीने तो आपल्या पत्रकात नोंदवून टाकला आहे, पण बाहेरच्या एकाही ग्राहकाने त्यासाठी पैसे मोजलेले नाहीत. एकत्रीकरणात हा न कमावलेला नफा काढून टाकतात आणि साठा ८० ऐवजी ६० कोटींना दाखवतात. पालक कंपनीचे ६०, वजा उपकंपनीचा तोटा १५, वजा न कमावलेला नफा २०, असा समूहाचा नफा २५ कोटी उरतो. ज्या धंद्याने ६० कोटी कमावले असे वाटत होते, त्याने प्रत्यक्षात २५ च कमावले. कर्जाच्या अंगाने पाहिले तर स्टँडअलोन कर्ज नफ्याच्या पावणेदोन पटीच्या आत होते, आणि एकत्रित कर्ज नफ्याच्या अकरा पटींवर गेले आहे.

या २५ कोटींपैकी पालक कंपनीच्या भागधारकांचा वाटा किती, हा पुढचा प्रश्न, आणि त्याचे उत्तर थोडे चमत्कारिक आहे: ३१ कोटी. उपकंपनीच्या १५ कोटींच्या तोट्यातले ४० टक्के, म्हणजे ६ कोटी, बाहेरच्या भागधारकांच्या माथी जातात आणि तेवढ्याने आपला वाटा एकूण नफ्याहून मोठा होतो. प्रतिशेअर मिळकत या ३१ वरून काढतात, २५ वरून नाही. उपकंपनी नफ्यात असती तर चित्र उलट झाले असते. तेव्हा एकूण एकत्रित नफा घेऊन त्याला पालक कंपनीच्या शेअरसंख्येने भागणाऱ्याने बाहेरच्यांचा नफाही आपल्याच खिशात टाकला असता.

इथवर वाचून स्टँडअलोन पत्रक फसवे आणि एकत्रित तेवढे खरे, असा निष्कर्ष कोणी काढील, पण तो घाईचा ठरेल. उपकंपनीकडून येणे असलेले १५० कोटी एकत्रित ताळेबंदात शोधून सापडणार नाहीत, कारण स्वतःचेच स्वतःला देणे म्हणून ते दोन्ही बाजूंनी कापले जाते. ते दिसतात स्टँडअलोन संचात, संबंधित पक्षांशी झालेल्या व्यवहारांच्या टिपेत. उपकंपनीच्या गळ्यात माल मारून वर्षअखेरीचे आकडे फुगवले जात आहेत का, हे तपासायला माझ्या मते याच टिपेपासून सुरुवात करावी. उपकंपनीला केलेली विक्री वाढते आहे, तिच्याकडची येणी त्याहून वेगाने वाढत आहेत आणि एकत्रित विक्री जागची हलत नाही, असे तिन्ही एकदम दिसले तर माल समूहाच्या बाहेर पडत नाही, असे समजायला हरकत नाही.

पुढच्या वर्षी उपकंपनीने ते साठलेले पंप विकले, तर थांबवून ठेवलेला २० कोटींचा नफा त्या वर्षीच्या एकत्रित पत्रकात येतो. पण साठा संपेपर्यंत पालक कंपनीला नवा माल धाडता येत नाही, म्हणून तिची स्टँडअलोन विक्री नेमकी तेव्हाच खाली येते. दोन संचांतील नफा वर्षभराच्या अंतराने उलटसुलट दिशेला जाताना दिसतो तो बरेचदा यामुळे.

एकत्रित चित्राच्या मर्यादा कर्ज आणि रोकड यांच्या बाबतीत सगळ्यात जास्त जाणवतात. २८० कोटी कर्ज समूहाचे म्हटले तरी समूह नावाची कोणी कायदेशीर व्यक्ती नाही. उपकंपनी बुडाली तर तिची बँक १८० कोटींसाठी पालक कंपनीच्या दारात येऊ शकत नाही, पण पालक कंपनीने हमी दिलेली असली तर येऊ शकते. अशी हमी दिली आहे की नाही हे स्टँडअलोन पत्रकांच्या टिपांत संभाव्य देण्यांखाली पाहावे लागते. रोकडीचेही तसेच आहे. एकत्रित ताळेबंदातली रोकड उपकंपनीच्या खात्यात असेल, तर ती पालक कंपनीकडे लाभांश म्हणून आणताना ४० टक्के बाहेरच्यांना द्यावी लागते, आणि उपकंपनीच्या कर्जाच्या अटी त्यालाही आडव्या येऊ शकतात. पालक कंपनी आपल्या भागधारकांना लाभांश देते तो बहुतेक देशांत तिच्या स्वतःच्या वितरणयोग्य नफ्यातून, समूहाच्या नफ्यातून नाही.

कोणाला समूहात धरायचे हा निर्णयही टक्केवारीवर संपत नाही. २०१३ पासून लागू असलेले आयएफआरएस १० हे आंतरराष्ट्रीय मानक विचारते की दुसऱ्या कंपनीचे महत्त्वाचे निर्णय घेण्याचे अधिकार आपल्याकडे आहेत का, तिच्या बऱ्यावाईट कामगिरीनुसार आपला परतावा बदलतो का, आणि ते अधिकार वापरून तो परतावा आपल्याला कमीजास्त करता येतो का. तिन्हींचे उत्तर होय असेल, तर हिस्सा ४५ टक्के असूनही पूर्ण एकत्रीकरण करावे लागू शकते. आणि नियंत्रण नसून केवळ लक्षणीय प्रभाव असेल, तर ती सहयोगी कंपनी ठरते व एकत्रित पत्रकातही एकाच ओळीत उरते, म्हणजे तिचे कर्ज तिथेही दिसत नाही. अमेरिकेतील एन्रॉनने नोव्हेंबर २००१ मध्ये आपले जुने हिशोब दुरुस्त केले, तेव्हा एकत्रीकरणाबाहेर ठेवलेले काही घटक तिला आत घ्यावे लागले. त्यासरशी दाखवलेला नफा घटला, कर्ज वाढले आणि डिसेंबरच्या सुरुवातीला कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला.